प्रायमर दहाचा, तूट पन्नासची: टेलोमिअर नेमका कुठे झिजतो?

प्रश्न: मी एम.एस्सी.च्या मुलांना मॉलिक्युलर बायोलॉजी शिकवते. पुस्तकात लिहिलंय की लॅगिंग धाग्यावरचा शेवटचा आरएनए प्रायमर काढला की ती जागा भरता येत नाही, म्हणून टेलोमिअर आखूड होतो. वर्गात एकाने विचारलं, "मॅडम, प्रायमर तर दहा-बारा न्यूक्लिओटाइडचा. मग दर विभाजनाला पन्नास-शंभर बेस कसे जातात? आणि टेलोमरेज येऊन प्रायमरची तीच जागा भरतं का?" मला नीट सांगता आलं नाही.

उत्तर:

मुलाचा हिशेब बरोबर आहे. अपुरं आहे ते पुस्तकातलं चित्र. तूट प्रायमरच्या लांबीवर ठरत नाही. शेवटचा प्रायमर टोकापासून किती आत बसतो आणि टोकाशी एकेरी धागा किती लांब ठेवावा लागतो, यावर ती ठरते. टेलोमरेज तर प्रायमरच्या रिकाम्या जागेला हातही लावत नाही. ते समोरचा धागा, म्हणजे आधीच लांब असलेला धागा, आणखी लांबवतं. आता हे सावकाश पाहू.

आधी पुस्तकातलं चित्र खरं मानून हिशेब करू. प्रायमर दहा न्यूक्लिओटाइडचा आहे आणि तो अगदी टोकाला बसतो, असं धरा. मग दर वेळी दोन नव्या रेणूंपैकी एकाच रेणूतला एकच धागा दहा बेसनी आखूड राहील आणि दुसरा रेणू शाबूत राहील. म्हणजे सरासरी तूट विभाजनामागे पाच बेसची झाली. पेशीजवळ खर्चायला पाच हजार बेस असतील, तर ती हजारेक वेळा दुप्पट व्हायला हवी. प्रत्यक्षात माणसाचे फायब्रोब्लास्ट डिशमध्ये वाढवले की साधारण पन्नास दुप्पटींच्या आसपास थांबतात. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हे १९६१ मध्ये दाखवलं होतं. १९९० मध्ये कॅल्विन हार्ली, ब्रूस फुचर आणि कॅरोल ग्रायडर यांनी फायब्रोब्लास्टच्या टेलोमिअरची तूट मोजली, तेव्हा ती दर दुप्पटीला सरासरी पन्नास बेसजोड्यांच्या घरात आली. इतर पेशींत आणि इतर प्रयोगशाळांत याहून मोठे आकडेही आले आहेत. पाच आणि पन्नास यांत दहापटीचा फरक आहे, आणि मोजमापातली चूक म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

पुस्तकांत हे चित्र कसं आलं, तेही सांगतो. रशियात अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये आणि अमेरिकेत जेम्स वॉटसन यांनी १९७२ मध्ये, दोघांनी स्वतंत्रपणे हा पेच कागदावर मांडला. डीएनए पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं आणि त्याला सुरुवात करून द्यावी लागते, म्हणून सरळ, दोन टोकं असलेल्या रेणूचं शेवटचं टोक पूर्ण उतरवता येणार नाही, एवढाच तो युक्तिवाद होता. त्या वेळी माणसाच्या गुणसूत्राचं टोक प्रत्यक्षात दिसतं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे नकळत गृहीत धरलं गेलं की टोकाशी दोन्ही धागे एकाच ठिकाणी संपतात, म्हणजे टोक बोथट असतं. त्या गृहीतावर केलेलं रेखाटन तसंच पुढे चालत राहिलं.

खरं टोक बोथट नसतं. माणसात टेलोमिअर म्हणजे TTAGGG ही सहा अक्षरं हजारो बेसपर्यंत पुन्हा पुन्हा, हे १९८८ मध्ये कळलं. यातला जी अक्षरं जास्त असलेला धागा गुणसूत्राच्या टोकाकडे ५' ते ३' असा जातो. त्याला मी जी-धागा म्हणेन आणि त्याच्या जोडीदाराला सी-धागा. १९९७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की माणसाच्या गुणसूत्रांत सी-धागा अलीकडेच संपतो आणि जी-धागा त्याच्या पुढे शंभर-दोनशे बेस एकेरी लोंबत राहतो. याला ओव्हरहँग म्हणतात. फळ्यावर आखूड करून असं लिहा:

```
5'-...TTAGGGTTAGGGTTAGGGTTAGGGTTAG-3'   (जी-धागा)
3'-...AATCCCAATC-5'                     (सी-धागा)
```

हा लोंबता भाग काम अर्धवट राहिल्याची खूण नाही. पेशीला तो हवाच असतो. पॉट१ नावाचं प्रथिन या एकेरी धाग्यावर बसतं. शिवाय हाच धागा मागे वळून दुहेरी भागात शिरतो आणि गाठीसारखं वेटोळं तयार करतो. जॅक ग्रिफिथ आणि टिटिया डी लांगे यांच्या गटांनी १९९९ मध्ये हे वेटोळं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. टोक उघडं राहिलं, तर पेशी त्याला तुटलेला डीएनए समजते आणि दुरुस्तीला धावते. वेटोळ्यामुळे ते झाकलेलं राहतं. म्हणून प्रत्येक विभाजनानंतर प्रत्येक टोकाला हा ओव्हरहँग परत असायला हवा. पन्नास बेसचा हिशेब इथूनच सुटतो.

एक टोक घेऊन आकडेमोड करू. सी-धागा ५००० बेसचा, जी-धागा ५१०० चा, म्हणजे ओव्हरहँग १०० चा. प्रतिकृतीचा फोर्क आतून टोकाकडे चालत येतोय. आधी लीडिंग बाजू पाहा. इथे साचा सी-धाग्याचा असतो आणि नवा धागा जी-प्रकारचा बनतो. पॉलिमरेज न थांबता चालत राहतं, पण साचाच ५००० वर संपतो. त्यामुळे नवा जी-धागाही ५००० चाच होतो आणि टोक बोथट निघतं. प्रायमर सुटल्यामुळे इथे काहीच गेलेलं नाही, तरी जुन्या टोकावरचे १०० एकेरी बेस या रेणूत उतरलेच नाहीत. आता या बोथट टोकाला ओव्हरहँग द्यायचा, तर एकच वाट उरते: सी-धागा मागे कुरतडायचा. टीआरएफ२ या टेलोमिअर प्रथिनाला चिकटलेलं अपोलो नावाचं न्यूक्लिएज ही सुरुवात करतं आणि एक्सो१ पुढे आणखी खातं. शेवटी सी-धागा ४९०० वर आणि जी-धागा ५००० वर येतो. या कन्या-रेणूचं १०० बेसचं नुकसान झालं.

दुसरी बाजू लॅगिंग. इथे साचा जी-धाग्याचा, पूर्ण ५१०० चा. नवा सी-धागा ओकाझाकी तुकड्यांनी उलट दिशेने भरत येतो. शेवटचा प्रायमर टोकापासून शंभरेक बेस आत पडला, तर सी-धागा ५००० वर थांबतो. म्हणजे ५०००/५१००, जुन्या टोकाची हुबेहूब नक्कल. पुस्तक ज्या बाजूकडे बोट दाखवतं, तिथे या उदाहरणात एकही बेस गेला नाही. १०० गेले ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींची सरासरी पन्नास.

हा मुद्दा योआखिम लिंग्नर, ज्युलिया कूपर आणि थॉमस चेक यांनी १९९५ मध्येच मांडला होता: टोक आधीपासून ओव्हरहँगचं असेल, तर खरी अडचण लीडिंग बाजूला आहे. पण पाठ्यपुस्तकांत तो अजून पुरता उतरलेला नाही. मला वाटतं, लॅगिंगचं चित्र इतकं सुटसुटीत आहे की ते बदलायला कुणाचा हात होत नाही.

प्रायमर अगदी टोकाला बसला असता तर काय झालं असतं, तेही मुलांना काढायला सांगा. दहाचा प्रायमर ५१०० व्या बेसवर सुरू झाला, तर लॅगिंग कन्येचा सी-धागा ५०९० चा होईल, म्हणजे आईपेक्षाही लांब. त्या रेणूचा ओव्हरहँग दहाचा उरेल. पुढच्या फेऱ्यांत सगळे ओव्हरहँग दहावर आले की सरासरी तूट पुन्हा पाचवर येईल. म्हणजे तुटीचं मोजमाप ओव्हरहँगच्या लांबीतून ठरतं. हे प्रयोगानेही तपासून पाहिलंय: वुड्रिंग राइट आणि जेरी शे यांच्या गटाने २००० मध्ये वेगवेगळ्या मानवी पेशी घेतल्या आणि ज्या पेशींत ओव्हरहँग लांब, त्यांत झीज जास्त, असं प्रमाण दाखवलं.

आणखी एक बारकावा वर्गात नेहमी निसटतो. एकाच क्रोमॅटिडमध्ये एका टोकाला लीडिंग आणि विरुद्ध टोकाला लॅगिंग असतं, कारण मागे राहिलेला जुना धागा एका टोकाशी जी-धागा असतो आणि दुसऱ्या टोकाशी सी-धागा. त्यामुळे प्रत्येक कन्या-पेशीला ४६ गुणसूत्रांची ४६ लीडिंग टोकं आणि ४६ लॅगिंग टोकं मिळतात. एक पेशी पुरती झिजली आणि दुसरी जशीच्या तशी राहिली, असं होत नाही. मात्र एकच टोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत गेलात, तर ते दर वेळी नाणेफेकीसारखं एखाद्या बाजूला पडतं. पन्नास दुप्पटींत ते सरासरी २५ वेळा लीडिंग बाजूला येईल, कधी २०, कधी ३०. आमच्या साध्या उदाहरणातही मग एकाच पूर्वज टोकाचे वंशज हजार बेसनी वेगळे निघू शकतात.

आता प्रश्न उरतो, शेवटचा प्रायमर शंभर बेस आत का पडतो? टोकाला बसायला त्याला अडवतं कोण? नांगराचा फाळ वीतभर रुंद असतो, पण बांधाशी न नांगरलेला पट्टा राहतो तो बैलजोडीला वळायला लागणाऱ्या जागेएवढा. इथेही प्रायमर छोटा असला तरी त्याला घेऊन येणारी यंत्रणा मोठी आहे. फोर्कच्या पुढे डीएनए उलगडणारं हेलिकेज लीडिंग बाजूच्या साच्यावरून, म्हणजे सी-धाग्यावरून चालतं. सी-धागा संपला की त्याच्या पायाखालची वाटच संपते. पुढे लोंबणाऱ्या जी-धाग्याच्या एकेरी भागावर ते जाऊ शकत नाही. प्रायमर घालणारं पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज या यंत्राबरोबर काम करत असतं, त्यामुळे शेवटच्या पट्ट्यात फोर्ककडून नवा ओकाझाकी तुकडा सुरू होत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातला डी लांगे यांचा गट आणि केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेतला जोसेफ यील्स यांचा गट यांनी २०२४ मध्ये शुद्ध केलेली प्रथिनं घेऊन हे परीक्षानळीत दाखवलं आणि पेशींतही तपासलं. त्यांनी याला टोकाची दुसरी समस्या म्हटलं.

मग पेशी निभावते कशी? सीएसटी नावाचं तीन प्रथिनांचं एक संकुल आहे. ते जी-धाग्याच्या एकेरी भागावर बसतं आणि पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजला फोर्कपासून वेगळं, स्वतंत्रपणे तिथे बोलावतं. ते प्रायमर घालतं, सी-धागा थोडा भरून काढतं. याला फिल-इन म्हणतात. लीडिंग टोकावर न्यूक्लिएजनी जरुरीपेक्षा जास्त खाल्लेलं असतं, तेही यातून काही प्रमाणात भरून निघतं. सीएसटी काढून टाकलं, तर दोन्ही बाजूंचे सी-धागे भराभर आखडतात. म्हणजे आपण मोजतो ती पन्नासची तूट ही कुरतडणं आणि भरणं यांची वजाबाकी झाल्यावरची आहे. या संकुलातल्या सीटीसी१ या जनुकात दोष असला, तर मुलांत कोट्स प्लस नावाचा दुर्मीळ आजार होतो.

कुरतडणं किती बेतून होतं, याची एक खूण वरच्या आकृतीतच आहे. मी सी-धागा AATC-5' वर थांबवला तो मनाला येईल तसा नाही. सहा अक्षरांपैकी कुठेही थांबणं शक्य असताना, माणसाच्या बहुतेक टोकांवर सी-धागा ATC-5' वरच संपतो. पॉट१ काढलं की हा नेम जातो आणि टोक सहापैकी कुठल्याही अक्षरावर संपू लागतं.

लीडिंग आणि लॅगिंग टोकं प्रयोगात वेगळी कशी करतात, हा प्रश्न तुमची हुशार मुलं विचारतीलच. त्याचं उत्तर मला फार आवडतं. पेशींना एका प्रतिकृतीपुरतं थायमिडीनऐवजी ब्रोमोडीऑक्सीयुरिडीन द्यायचं. ते टीच्या जागी बसतं आणि वजनाला जड असतं. नवा जी-धागा TTAGGG, म्हणजे दर सहात दोन टी. नवा सी-धागा CCCTAA, दर सहात एकच टी. त्यामुळे लीडिंग कन्या-टेलोमिअर जास्त जड होतात आणि सीझियम क्लोराइडच्या घनता-उतारात तीन पट्टे पडतात: प्रतिकृती न झालेले हलके, लॅगिंगचे मधले आणि लीडिंगचे सर्वांत जड. राइट यांच्या गटाने याच युक्तीने २०१२ मध्ये पाहिलं की टेलोमरेज नसलेल्या सामान्य मानवी पेशींत लॅगिंग बाजूचा शेवटचा प्रायमर टोकापासून ७० ते १०० बेस आत पडतो. तुमच्या विद्यार्थ्याचे हरवलेले बेस तिथेच सापडले म्हणा ना.

आता टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी १९८५ मध्ये ते टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात शोधलं. त्याचे दोन मुख्य भाग आहेत. टर्ट हे प्रथिन आरएनए वाचून डीएनए बनवतं, आणि टर्क हा आरएनए स्वतःच्या अंगातच साचा घेऊन येतो. माणसाच्या टर्कमध्ये साच्याचा भाग अकरा अक्षरांचा आहे:

```
टेलोमिअरचं टोक   5'-...TTAGGGTTAG-3'
टर्कचा साचा            3'-CAAUCCCAAUC-5'
```

साच्याचा ३' कडचा तुकडा जी-धाग्याच्या लोंबत्या टोकाशी जुळतो, उरलेल्या साच्यावरून सहा अक्षरं लिहिली जातात आणि मग एन्झाइम सरकून पुन्हा तसंच करतं. नीट पाहिलंत तर कळेल की यात प्रायमरच्या रिकाम्या जागेचा कुठे संबंधच नाही. आखूड आहे तो सी-धागा, आणि लांबवला जातो तो जी-धागा. म्हणजे दोन धाग्यांतला फरक आधी वाढतो. मग सीएसटी टेलोमरेजला थांबवतं आणि पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज सी-धागा भरतं. त्या भरण्यालाही प्रायमर लागतोच आणि तोही शेवटी काढला जातो, त्यामुळे टोकाला एकेरी भाग उरतोच. टेलोमरेज टोकाची समस्या सोडवत नाही. ते टोक पुरेसं पुढे ढकलतं, म्हणजे होणारी तूट नव्या भागातून होते.

यातली गंमत अशी की टेलोमरेजला पकडायला एकेरी ३' टोक लागतं. लीडिंग बाजूचं बोथट टोक त्याच्या उपयोगाचं नाही. ज्या कुरतडण्यामुळे झीज होते, त्याच कुरतडण्याशिवाय टेलोमरेजला तिथे कामही करता येत नाही. भरपाई किती होते, तर कर्करोगाच्या पेशींत दर प्रतिकृतीला बहुतेक टोकांवर साधारण साठ न्यूक्लिओटाइड जोडली जातात असं मोजलं गेलंय. वरच्या तुटीशी हा आकडा ताडून पाहा. अशा पेशींत टेलोमिअरची लांबी वर्षानुवर्षं एका जागी का राहते, ते लगेच कळतं.

आपल्या बहुतेक शरीरपेशींत टर्क असतो, पण टर्टचं जनुक बंद असतं. १९९८ मध्ये मानवी फायब्रोब्लास्ट आणि डोळ्यांच्या पडद्यामागच्या पेशींत बाहेरून फक्त टर्टचं जनुक घातलं गेलं. न घातलेल्या पेशी नेहमीप्रमाणे थांबल्या, घातलेल्या त्यांची मर्यादा किमान वीस दुप्पटींनी ओलांडून वाढतच राहिल्या. टेलोमिअर आखडल्यामुळेच पेशी थांबते, हा तोवर नुसता संबंध होता. या प्रयोगाने तो कारण म्हणून सिद्ध केला. टर्टचं कुलूप उघडणं हा कर्करोगाचाही ठरलेला मार्ग आहे. मेलानोमामध्ये या जनुकाच्या प्रमोटरमधली दोन ठरावीक ठिकाणची उत्परिवर्तनं फार वेळा सापडतात, हे २०१३ मध्ये दिसलं. काही गाठी टेलोमरेजशिवायच, एका टेलोमिअरवरून दुसऱ्याची नक्कल करून निभावतात, पण तो विषय वेगळा.

पेशी थांबते ती सरासरी लांबी संपली म्हणून नव्हे, हे मात्र आवर्जून सांगा. ९२ टोकांपैकी काही टोकं इतकी आखूड होतात की त्यांवर पुरेशी रक्षक प्रथिनं बसू शकत नाहीत, आणि पेशी त्यांना तुटलेला डीएनए म्हणून ओळखते. अशी पाचेक टोकं जमली की मानवी फायब्रोब्लास्ट थांबतात, असं २०१२ मध्ये मोजलं गेलं. सरासरी तेव्हाही हजारो बेसची असते. म्हणून सरासरी लांबीच्या एका आकड्यावरून शरीराचं 'खरं वय' सांगणाऱ्या चाचण्यांवर माझा विश्वास बसत नाही.

झीज फक्त प्रतिकृतीमुळेच होते असंही नाही. ओळीने तीन जी असलेली जागा ऑक्सिडेशनला फार नाजूक असते. १९९५ मध्ये डब्ल्यूआय-३८ जातीच्या फायब्रोब्लास्टना ४० टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवलं, तेव्हा तूट कितीतरी पटींनी वाढली आणि पेशी लवकर थांबल्या. तेव्हा दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, तर आधी त्यांच्या इन्क्युबेटरमधला ऑक्सिजन विचारा. उघड्या हवेचे वीस टक्के हेसुद्धा पेशीला ऊतीतल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

मुलांना हे हाताने करून पाहायचं असेल, तर झीज मोजण्याची पद्धत जुनीच चांगली. जीनोमिक डीएनए हिन्फ-१ आणि आरएसए-१ या एन्झाइमांनी कापायचा. TTAGGG मध्ये त्यांची कापायची जागाच नाही, म्हणून टेलोमिअर लांब तुकड्यांत शाबूत राहतात. मग जेल, सदर्न ब्लॉट आणि टेलोमिअरचा प्रोब. पट्टा एक येत नाही, लांबट धूसर ओघळ येतो, आणि सगळी टोकं सारखी नसतात हे तिथेच दिसतं. या तुकड्यात टेलोमिअरच्या अलीकडचे दोन-चार हजार बेसही धरलेले असतात, त्यामुळे जेलवर आठ हजार दिसले म्हणजे शुद्ध टेलोमिअर आठ हजारांचा नव्हे. लांब तुकडा जास्त प्रोब धरतो, म्हणून नुसत्या गडदपणावरून काढलेली सरासरी वर सरकते. ती दुरुस्ती करावी लागते.

मुख्य म्हणजे आठ हजारांत पन्नासचा फरक हा एक टक्क्याहूनही कमी आहे. लागोपाठच्या दोन नमुन्यांत तो कुठल्याच जेलवर दिसणार नाही, पीसीआरच्या पद्धतीनेही नाही. किमान वीस दुप्पटींचं अंतर ठेवा, म्हणजे हजार बेसचा फरक पडतो, आणि मधले तीन-चार नमुने घेऊन उतार काढा. हा उतार दुप्पटींवर काढायचा, पॅसेजच्या संख्येवर नाही. इथे फसणारे पुष्कळ पाहिलेत. एकास चार फोडणी केली, तर एका पॅसेजला दोन दुप्पटी होतात, एकास आठ केली तर तीन. मोजणी दर वेळी करून हे सूत्र वापरा:

```
PD = 3.32 × log10(N / N0)
```

N0 म्हणजे पेरलेल्या पेशी, N म्हणजे काढलेल्या. दोन लाख पेरल्या आणि सोळा लाख निघाल्या तर तीन दुप्पटी. पेरलेल्यांतल्या निम्म्या चिकटल्याच नसतील, तर खऱ्या दुप्पटी चार झालेल्या असतात आणि तुमचा उतार जास्त तीव्र दिसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी एक डिश चिकटलेल्या पेशी मोजण्यासाठी बाजूला ठेवा.

टेलोमरेज दाखवायचं तर ट्रॅप चाचणी. ती १९९४ मध्ये आली. पेशींच्या अर्कात एकेरी डीएनएचा छोटा तुकडा टाकतात. त्याच्या ३' टोकावर टेलोमरेज भर घालतं आणि ती भर पीसीआरने वाढवून पाहतात. जेलवर सहा-सहा बेसच्या अंतराने शिडी उमटते. अर्कात टाकलेल्या त्या तुकड्याला जोडीदार सी-धागा नसतो, प्रायमर निघालेली जागाही नसते. एन्झाइमला लागतं फक्त मोकळं ३' टोक, आणि तुमच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या शंकेला यापेक्षा सरळ पुरावा मी देऊ शकणार नाही. सोबत दोन नियंत्रणं हवीतच. गाठीच्या अर्कातले पदार्थ कधी पीसीआरलाच अडवतात, म्हणून नळीत ठरावीक लांबीचा एक अंतर्गत नमुना ठेवायचा. शिडी नाही आणि हा पट्टाही नाही, तर 'टेलोमरेज नाही' असं लिहू नका, अर्क विरळ करून पुन्हा लावा. दुसरं नियंत्रण म्हणजे त्याच अर्काचा एक भाग आधी आरएनेजने हाताळायचा. साचा आरएनएचाच असल्याने त्या नळीत शिडी यायला नको. आली, तर ती टेलोमरेजची नाही.